विधेयकात सोपवलेले अधिकार कसे ओळखायचे आणि हरकत नेमकी कोणत्या टप्प्यावर घ्यायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या व्यापारी संघटना, शेतकरी मंडळे आणि ग्रामपंचायत सदस्य निवेदने मेहनतीने लिहितात. तरीही त्यातली बरीच वाया जातात. मागणी रास्त असते, पण ज्याच्या हाती तो निर्णय नाही त्याच्याच टेबलावर निवेदन ठेवले जाते. ठळक उदाहरण दुकानांच्या पाट्यांचे आहे. पाटीवर ६० टक्के कन्नड असण्याची अट कर्नाटकाच्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्याच्या कलम १७(६) मध्ये आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्यपालांनी यासाठीचा वटहुकूम परत पाठवला आणि फेब्रुवारीत दुरुस्ती विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. म्हणजे हा आकडा विधिमंडळाने कायद्याच्या मजकुरात घातला आहे. महापालिकेच्या आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना तो एका टक्क्यानेही बदलता येत नाही. त्यांच्याकडे अंमलबजावणीच्या पद्धतीबद्दल बोलता येते, आकड्याबद्दल नाही.

याच्या उलटही घडते. कायद्यात फक्त 'विहित शुल्क' एवढेच लिहिलेले असते, रुपयांचा आकडा पुढे नियमांत ठरणार असतो आणि लोक विधेयक मंजूर झाले म्हणून हताश होऊन बसतात. मग नियमांचा मसुदा निघतो, हरकतींची मुदत संपते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

विधिमंडळाने स्वतः काय ठरवले आणि काय सरकारवर सोपवले, हे मजकुरातून वेगळे काढता आले की निवेदन कुठे द्यायचे ते आपोआप कळते. त्यासाठीची कामे खाली क्रमाने दिली आहेत. क्रम मोडू नका.

## १. वाचायला बसण्याआधी: योग्य प्रत हातात घ्या

वर्तमानपत्रातली बातमी किंवा मोबाइलवर फिरणारा सारांश यांवर काम करू नका. सोपवलेले अधिकार बातमीत जवळजवळ कधीच येत नाहीत, कारण ते कंटाळवाण्या खंडांत असतात. मांडलेल्या विधेयकाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर `kla.kar.nic.in` इथे आणि संमत झालेले कायदे संसदीय व्यवहार व विधी खात्याच्या `dpal.karnataka.gov.in` इथे शोधा.

कन्नड आणि इंग्रजी दोन्ही मजकूर घ्या. अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी मजकूर हा कायद्याचा इंग्रजीतला अधिकृत मजकूर मानला जातो, तर स्थानिक कार्यालयात अधिकारी बहुधा कन्नड प्रतच उघडून बसलेला असतो. आपल्या भागात दोन्ही वाचणारी माणसे मिळतात. एकाने एक प्रत वाचावी, दुसऱ्याने दुसरी, आणि खंड क्रमांकाने ताडून पाहावे.

तपासा: प्रतीवर 'मांडल्याप्रमाणे' आहे की 'मंजूर झाल्याप्रमाणे'? सभागृहात दुरुस्ती झाली की खंडांचे क्रमांक सरकतात. शिवाय विधेयकातला 'खंड' कायदा झाल्यावर 'कलम' होतो. जुन्या प्रतीतला क्रमांक घालून पाठवलेले निवेदन पहिल्याच टेबलावर अडते.

## २. शेवटून वाचा

विधेयक पहिल्या पानापासून वाचू नका. आधी मागच्या बाजूला जोडलेले 'वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन' काढा. उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि वित्तीय ज्ञापन यांच्या आसपासच ते असते. कोणत्या खंडाने सरकारला कोणता अधिकार मिळतो याची यादी त्यात असते आणि शेवटी बहुधा 'सोपवलेले अधिकार सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत' असे एक वाक्य असते.

ही यादी कामाची आहे, पण पुरेशी नाही. ती विधेयक आणणाऱ्या खात्यानेच तयार केलेली असते. नियम करण्याचा खंड आणि कायदा लागू करण्याची तारीख त्यात हमखास येते. व्याख्येच्या आत दडलेला अधिकार किंवा सूट देण्याचा अधिकार मात्र सुटू शकतो. 'सर्वसाधारण' हे खात्याचे मत आहे, ते तपासणे आपले काम आहे.

सावध: ज्ञापनात नाही म्हणून अधिकार नाही, असे समजू नका. कायद्याचा अर्थ खंडांच्या शब्दांवरून लागतो.

## ३. शब्द शोधा, मग ते खंड पूर्ण वाचा

इंग्रजी पीडीएफमध्ये हे शब्द एकेक करून शोधा:

```
prescribed
notification
specified
by order
Schedule
exempt
delegate
difficulty
```

कन्नड प्रतीत 'नियमिसबहुदाद', 'अधिसूचनेय मूलक' आणि 'अनुसूची' हे शब्द पाहा. कन्नड पीडीएफ जुन्या नुडी अक्षरांत असेल किंवा कागद स्कॅन करून केलेली असेल, तर शोध 'काही सापडले नाही' म्हणतो. तेव्हा छापील प्रत घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा. शोधात शून्य आले म्हणून मोकळे होऊ नका.

सापडलेला प्रत्येक खंड वहीत उतरवा आणि त्याच्यापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहा. अधिकार कोणाला मिळाला? कशाने वापरायचा, नियमाने, अधिसूचनेने की साध्या आदेशाने? मर्यादा कोणती घातली आहे? आणि वापरण्याआधी लोकांना विचारणे किंवा वापरल्यावर सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे राहिले, तर हरकतीचा मुद्दा बहुधा तिथेच असतो.

## ४. एक नमुना सोडवून पाहू

समजा, 'आठवडी बाजार नियमन विधेयक' नावाचे विधेयक मांडले गेले आहे. असे विधेयक नाही, सरावासाठी मी ते रचले आहे. त्यातली वाक्ये मात्र खऱ्या विधेयकांत भेटतात तशीच आहेत. खानापूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंच्या नजरेने ते वाचू.

खंड १(३): 'हा कायदा राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेस अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील.' इथे तारीखच सोपवली आहे. राज्यपालांची संमती मिळूनही खानापुरात हा कायदा लागू नसेल आणि बेळगाव शहरात असेल, असे होऊ शकते. असा खंड नेहमीचाच असतो, त्यावर शक्ती खर्च करू नका. फक्त अधिसूचनेवर लक्ष ठेवा.

खंड २(ब): 'बाजार क्षेत्र म्हणजे राज्य शासन अधिसूचनेद्वारे घोषित करील असे क्षेत्र.' हा व्याख्येत दडलेला अधिकार आहे. बाईंना हा कायदा लागू होणार की नाही, हे याच ओळीवर ठरते. घोषणेआधी ग्रामपंचायतीचे मत घ्यावे असे पुढे कुठे म्हटले आहे का, ते पाहायचे. नसेल तर 'संबंधित स्थानिक संस्थेचे मत घेऊन' एवढे शब्द घालण्याची दुरुस्ती मागता येते. दुरुस्ती लहान असली की आमदार ती मांडायला तयार होतो.

खंड ५: 'प्रत्येक विक्रेत्याने विहित शुल्क भरावे.' किमान नाही, कमाल नाही, कशाच्या प्रमाणात तेही नाही. विधिमंडळाला हवे तर मर्यादा घालता येते. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्यावरचे कल्याण शुल्क १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान बांधले आहे, नेमका दर त्या चौकटीत सरकारने अधिसूचनेने ठरवायचा. आपल्या नमुन्यात ती चौकटच नाही. तेव्हा 'शुल्क रद्द करा' म्हणण्यापेक्षा 'कमाल रक्कम खंड ५ मध्येच लिहा' ही मागणी जास्त टिकते. शुल्काला विरोध असलेला आणि नसलेला, दोन्ही बाजूंचा आमदार तिला पाठिंबा देऊ शकतो.

खंड ७: 'राज्य शासनास अधिसूचनेद्वारे अनुसूचीत कोणत्याही मालाची भर घालता येईल.' आज अनुसूचीत फक्त भाजीपाला आहे, उद्या कुंभाराची मडकी आणि बुरुडाच्या टोपल्या येतील. कोणत्या निकषावर भर घालायची, हे खंडात नाही. अशा मोकळ्या अधिकाराला न्यायालयाने अटकाव केलेला आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात कलम ३(ड) खाली नियमांनी आणखी रोग जोडण्याची मुभा होती. ते रोग कशावरून निवडायचे हे कायद्यात नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना प्रकरणात ते शब्द रद्द केले. धोरण विधिमंडळाने ठरवायचे आणि तपशील सरकारने भरायचा, हे तत्त्व १९५१ च्या दिल्ली कायदे प्रकरणापासून चालत आले आहे.

तरी एक मर्यादा ध्यानात ठेवा. निकष त्या खंडातच असावा लागतो असे नाही. प्रस्तावनेतून, उद्देशातून, संपूर्ण कायद्याच्या मांडणीतून धोरण दिसत असेल, तर न्यायालये ते पुरेसे मानतात. एका खंडावर बोट ठेवून 'हे घटनाबाह्य आहे' असे निवेदनात ठोकून देऊ नका.

खंड १२: 'राज्य शासनास आपले अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस किंवा अन्य कोणत्याही अधिकाऱ्यास सोपवता येतील.' इथे अधिकार आणखी एक पायरी खाली जातो. 'नियम करण्याचा अधिकार वगळून' हे शब्द आहेत का, ते आधी पाहा. नसतील तर ती मोठी उणीव आहे. 'अन्य कोणत्याही अधिकाऱ्यास' याऐवजी किमान दर्जा लिहून घ्यावा, नाहीतर परवाना रद्द करण्याचा निर्णय बाजारात पावत्या फाडणाऱ्या माणसापर्यंत घसरतो.

खंड १४: नियम करण्याचा अधिकार. हा खंड सर्वात लांब असतो आणि सर्वात कमी वाचला जातो. त्यात दोन गोष्टी शोधा. पहिली, 'पूर्वप्रकाशनाच्या शर्तीस अधीन राहून', म्हणजे मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवणे बंधनकारक. दुसरी, केलेला नियम दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनात एकूण ३० दिवस ठेवण्याची तरतूद, ज्यात सभागृहे तो बदलू किंवा रद्द करू शकतात. दुसरी गोष्ट बहुतेक विधेयकांत असते. पहिली नसेल तर ती मागणे हेच माझ्या मते या साऱ्या वाचनातले सर्वात मोलाचे काम आहे. शुल्काचा आकडा ठरण्याआधी भाजीवाल्या बाईंना कायद्याने बोलता येईल, अशी जागा त्या शब्दांमुळेच तयार होते.

खंड १५: 'अडचण उद्भवल्यास राज्य शासन आदेशाद्वारे ती दूर करू शकेल.' याला मुदत हवी, साधारणतः दोन वर्षांची घालतात. 'कायद्याच्या तरतुदींशी विसंगत नसेल अशा रीतीने' हे शब्दही हवेत. १९६५ च्या बोनस कायद्याच्या कलम ३७ मध्ये सरकारचा असा आदेश अंतिम मानला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये जालन ट्रेडिंग प्रकरणात ते कलम रद्द केले. आदेश 'कायद्याच्या उद्देशांशी' सुसंगत असावा आणि 'तरतुदींशी' सुसंगत असावा, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात कायद्याचा मजकूरच वळवायला वाव राहतो.

तपासा: वहीत आता सात खंड आहेत. त्यांतले हरकत घेण्याजोगे तीनच निवडा. या नमुन्यात मी ५, ७ आणि १४ घेईन. सातही घातले की निवेदन कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

## ५. विधेयक कुठे पोहोचले आहे ते ठरवा

मांडण्याआधी. खाते मसुदा करते, विधी खाते तो तपासते, मग मंत्रिमंडळ मंजुरी देते. तेव्हा निवेदन खात्याच्या सचिवांकडे आणि मंत्र्यांकडे जाते. मजकूर सर्वात सहज इथेच बदलतो, पण बहुधा तो आपल्याला दिसलेला नसतो.

विधानसभेत. मांडणी होते, मग विचारासाठीचा प्रस्ताव, मग खंडवार मंजुरी आणि शेवटी विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव. आपले काम खंडवार मंजुरीआधी संपले पाहिजे, कारण दुरुस्तीची लेखी सूचना आमदाराला आधी द्यावी लागते. मांडणी आणि मंजुरी यांत कधी कधी मोजकेच दिवस जातात. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन आपल्या दाराशी भरते, पण तिथे जाऊन निवेदन देण्याच्या दिवशी विधेयक मंजूर झालेले असेल तर त्या भेटीचा उपयोग नाही. दुरुस्तीचे वाक्य तयार लिहून द्या, कन्नडमध्ये, खंड क्रमांकासह. विधेयक मोठे असेल तर संयुक्त निवड समितीकडे पाठवण्याची मागणी करता येते. ग्रेटर बेंगळुरू प्रशासन विधेयक २०२४ मध्ये असेच समितीकडे गेले आणि २०२५ मध्ये मंजूर झाले.

विधान परिषदेत. कर्नाटकात दोन सभागृहे आहेत, हे लोक विसरतात. धर्मस्वातंत्र्याविषयीचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात विधानसभेने मंजूर केले, पण तेव्हा परिषदेत ते संमत झाले नाही. मे २०२२ मध्ये वटहुकूम निघाला आणि परिषदेची मंजुरी सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली. परिषद साधे विधेयक कायमचे अडवू शकत नाही. अनुच्छेद १९७ प्रमाणे पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना एवढाच तिचा अवधी आहे. पण दुरुस्ती सुचवायला हा दुसरा मोका असतो.

राज्यपालांकडे. अनुच्छेद २०० प्रमाणे संमती देणे, संमती रोखून फेरविचारासाठी परत पाठवणे किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे हे मार्ग आहेत. या अनुच्छेदाच्या मजकुरात दिवसांची मुदत नाही. इथे खंडाचे शब्द बदलून मागू नका, राज्यपाल स्वतः मजकूर बदलत नाहीत. कोणता खंड फेरविचारासाठी परत पाठवावा आणि का, एवढेच लिहा.

सावध: 'विधेयक मंजूर' ही बातमी म्हणजे कायदा लागू नव्हे. संमती, राजपत्रातली प्रसिद्धी आणि अंमलाची तारीख या तीनही गोष्टी पाहिल्याशिवाय कुणाला दंड भरायला किंवा परवाना काढायला सांगू नका.

## ६. कायदा झाल्यावर राजपत्रावर नजर ठेवा

सोपवलेला अधिकार खऱ्या अर्थाने इथे वापरला जातो, आणि नेमके इथेच लोकांचे लक्ष उडते. एका माणसावर जबाबदारी द्या. त्याने आठवड्यातून एकदा `erajyapatra.karnataka.gov.in` उघडून संबंधित खात्याच्या अधिसूचना पाहायच्या.

मसुदा नियम निघाला की त्यातच हरकतींची मुदत आणि पत्ता दिलेला असतो. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजायची की अन्य तारखेपासून, ते मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात वाचा. आपल्याला समजले त्या दिवसापासून मुदत धरणे ही नेहमीची चूक आहे.

हरकत मराठीत देता येते. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. पण सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे भाषांतराच्या निमित्ताने कागद पडून राहणार नाही. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.

प्रसिद्धी कशी करायची हे कायद्यात लिहिले असेल, तर तेही तपासा. गुजरातच्या बाजार समिती कायद्यात अधिसूचना राजपत्राखेरीज गुजराती वर्तमानपत्रातही छापावी असे होते. गोध्रा बाजार समितीच्या प्रकरणात आले नियमनाखाली आणणारी अधिसूचना गुजराती वर्तमानपत्रात आलीच नव्हती. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक ठरवली आणि विनापरवाना आले घेतल्याबद्दल व्यापाऱ्याला झालेली शिक्षा रद्द केली. पण सगळीकडे असेच होते असे नाही. रामपूर नगरपालिकेच्या १९६५ च्या प्रकरणात कराचा प्रस्ताव हिंदीत, पण उर्दू वर्तमानपत्रात छापला होता. तिथे न्यायालयाने प्रसिद्धी आवश्यक मानली, मात्र तिच्या पद्धतीतल्या चुकीमुळे कर रद्द केला नाही. त्यामुळे अशी त्रुटी सापडली की ती नोंदवा, आणि मग वकिलाला दाखवा.

## ७. नियम अंतिम झाल्यावर

अंतिम नियम आणि मूळ कलम शेजारी ठेवून वाचा. तीनच गोष्टी पाहायच्या. ज्या विषयावर नियम केला, तो विषय कलमात सोपवला आहे का? कायद्यात जी मर्यादा आहे ती नियमाने ओलांडली का? कायद्यात नसलेला दंड किंवा शुल्क नियमाने आणले का? नमुन्यातल्या कायद्यात फक्त बाजारशुल्क असताना नियमांत 'स्वच्छता आकार' दिसला, तर तो कोणत्या कलमाखाली आला हे विचारायचे.

असे काही आढळले तर दोन ठिकाणी जाता येते. नियम सभागृहापुढे ठेवल्यावर आपल्या आमदारामार्फत तो बदलण्याचा प्रस्ताव मागता येतो, आणि सोपवलेल्या अधिकारांचा वापर तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडे लिहिता येते. त्या पत्रात नियमाचा क्रमांक, राजपत्राची तारीख, मूळ कलम आणि विसंगत शब्द एवढे चारच तपशील ठेवा. बाजारातल्या हालअपेष्टांचे वर्णन खात्याकडच्या निवेदनात करा, कारण ही समिती सोपवलेल्या अधिकाराची हद्द सरकारने पाळली की नाही एवढेच पाहते. नियम कायद्याच्या बाहेर गेला असेल तर उच्च न्यायालयात आव्हान देता येते. बेळगावातल्या माणसाला त्यासाठी बेंगळुरूला जावे लागत नाही, उच्च न्यायालयाचे पीठ धारवाडला आहे. जाताना मसुद्यावर दिलेल्या हरकतीची शिक्का मारलेली पोच सोबत न्या.